दहा टक्के कशावर?

पगारवाढीच्या पत्राच्या पहिल्याच ओळीत ठळक अक्षरात दहा टक्के वाढ असते. बारीक अक्षरातली ओळ परिशिष्टात सापडते: ही वाढ फक्त बेसिक आणि एचआरएवर. मग दहा टक्के नेमके वाढले कशाचे?

हिंजवडीतल्या एखाद्या अभियंतीचं उदाहरण घेऊ. बेसिक महिना ४०,००० रुपये, एचआरए १६,०००, स्पेशल अलाउन्स २४,०००. शिवाय वर्षाला १,२०,००० व्हेरिएबल. वाढीनंतर बेसिक ४४,००० होतं, एचआरए १७,६००. बाकी दोन्ही जिथल्या तिथे. म्हणजे महिन्याला ५,६०० वाढले, पण बेसिकबरोबर तिचा १२ टक्के पीएफही ४८० रुपयांनी वाढला. व्यवसाय कराचे २०० रुपये वजा जाता आधी ७५,००० हातात यायचे, आता ८०,१२० येतील. वाढ सात टक्क्यांहूनही कमी. कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि व्हेरिएबल धरून सीटीसी मोजला, तर साडेसहाच्या आसपास.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण सहज म्हणून जातो. इथे मात्र आडात पाणी आलं आहे, पोहऱ्यातच कमी पडलं. पीएफचे ४८० तिचे आणि तेवढेच कंपनीचे, मिळून महिन्याला ९६० रुपये तिच्याच खात्यात साठतात. पैसे तिचेच, पण घराच्या हप्त्याला ते उपयोगी पडत नाहीत. ग्रॅच्युइटीचं पाणी तर आणखी खोल. शेवटच्या बेसिकचे २६ भाग करून त्यातले १५ घ्यायचे आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. म्हणजे आज वाढलेले ४,००० रुपये मागच्या सगळ्या वर्षांनाही लागू होतात. नऊ वर्षं झाली असतील तर जवळपास २०,८०० जास्त. पण पाच वर्षं पुरी व्हायच्या आत राजीनामा दिला, तर सहसा यातलं काहीच नाही.

म्हणून तक्रार करावी की नाही, हेच ठरत नाही. हेच ५,६०० सगळे स्पेशल अलाउन्समध्ये घातले असते, तर पीएफ न वाढता सगळेच्या सगळे हातात आले असते. म्हातारपणची पुंजी मात्र होती तिथेच राहिली असती. लहान मूल आणि घरकर्ज असलेल्या बाईला ते बरं वाटेल. पन्नाशीतल्या सहकाऱ्याला कदाचित पत्रातलीच रचना पटेल.

व्हेरिएबलचं मात्र खटकतं. ते जुन्याच रकमेवर थांबलं, तर दरवर्षी एकूण पगारातला त्याचा वाटा आक्रसत जातो, आणि पत्राच्या पहिल्या पानावर हे कुठेच दिसत नाही.

सही करण्याआधी मागच्या वर्षीचं परिशिष्ट शेजारी ठेवून प्रत्येक ओळ ताडून पाहा, आणि जी रक्कम हलली नाही तिचं कारण एचआरला ईमेलवर विचारा.