पूर्व-पश्चिमेचा आखूड अंश

कापडाचा गज मुंबईत जेवढा, तेवढाच रत्नागिरीत. गाव बदलले म्हणून तो आखूड होत नाही. रेखांशाच्या अंशाचे मात्र तसे नाही. गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर सुमारे १७ अंश २३ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. तेथे अक्षांशाचा एक अंश ११०.७ किलोमीटर भरतो, तर रेखांशाचा अंश केवळ १०६.३ किलोमीटर. विषुववृत्तावर हाच रेखांशाचा अंश १११.३ किलोमीटर असतो.

कारण संत्र्याच्या फोडीत दिसते. फोड मध्यभागी रुंद असते आणि दोन्ही टोकांना निमुळती होते. रेखावृत्तेही तशीच दोन्ही ध्रुवांवर एकत्र येतात. वेळणेश्वरवरून जाणारे अक्षवृत्त विषुववृत्ताहून लहान वर्तुळ आहे. त्याची त्रिज्या विषुववृत्ताच्या त्रिज्येच्या साधारण साडेपंचाण्णव टक्के. लहान वर्तुळाचेही भाग ३६०च करावयाचे, म्हणून प्रत्येक भाग लहान. अंटार्क्टिकातील भारताच्या मैत्री केंद्रापाशी हा अंश सुमारे ३७ किलोमीटर उरतो आणि ध्रुवावर शून्य होतो.

अक्षांश मोजले जातात ते उत्तर-दक्षिण रेखावृत्तावर, आणि सर्व रेखावृत्ते सारख्याच लांबीची. म्हणून तो अंश जवळजवळ स्थिर राहतो. ‘जवळजवळ’ एवढ्याचसाठी की पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. चपट्या भागात वक्रता कमी, त्यामुळे ओळंब्याची दिशा एक अंशाने बदलण्यास थोडे अधिक चालावे लागते. विषुववृत्तावर ११०.६, तर ध्रुवापाशी १११.७ किलोमीटर, फरक जेमतेम एक टक्का. असला बारीक फरक पकडण्यासाठी विल्यम लॅम्बटन यांनी दक्षिण भारतापासून उत्तरेकडे त्रिकोणांची साखळी मोजत नेली. त्याच कामावर असताना १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले.

समुद्रावर या फरकाची किंमत मोजावी लागते. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, अक्षांशाच्या एका मिनिटाएवढे अंतर. राज्याची मासेमारीची हद्द किनाऱ्याच्या आधाररेषेपासून बारा सागरी मैल, म्हणजे २२.२ किलोमीटर. समजा, एखाद्या तांडेलाने त्या रेषेपासून सरळ पश्चिमेस जाताना जीपीएसवर रेखांशाची बारा मिनिटे मोजली आणि बारा मैल झाले असे धरले. प्रत्यक्षात तो २१.३ किलोमीटरच गेलेला असतो. हद्द ओलांडली या समजुतीने जाळे टाकणारी नौका अजून जवळजवळ एक किलोमीटर आतच असते.

चूक ओळखणे अवघड नाही. सागरी नकाशाच्या वरच्या काठावरील बारा मिनिटे कंपासात धरून डाव्या काठावर ठेवली, तर ती तेथील बारा मिनिटांना पुरत नाहीत. म्हणून जाणते नाविक अंतर नेहमी उभ्या काठावरूनच घेतात, तेही नौकेच्या समोरच्या भागातून. तशा नकाशावर ध्रुवाकडे जाताना उभी मापेही ताणून काढलेली असतात. शेटलंड बेटांजवळची पट्टी वेळणेश्वरच्या समुद्राला लावून चालत नाही.