साठावर थांबलेली टाचणी

मी प्राथमिक शाळेत शिकवते. चौथीच्या वर्गाला त्रिकोण म्हणजे तीन बाजू, तीन कोन, एवढंच सांगायचं असतं. पण माझी भाची दहावीत आहे आणि सुट्टीत ती आमच्याकडे आली, की मलाही दहावीत बसावं लागतं. यंदा ती वहीत एक प्रश्न घेऊनच आली.

"आत्या, त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या साइनची बेरीज समभुज त्रिकोणातच सर्वांत मोठी येते. हे सिद्ध कसं करायचं?"

साइन म्हटलं की मला कोष्टकच आठवतं. म्हणून मी आधी पुठ्ठा घेतला आणि त्यावर १० सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढलं. वर्तुळावर तीन टाचण्या टोचल्या, त्यांच्याभोवती दोरा गुंडाळला. झाला त्रिकोण! आता गंमत पाहा. एक बाजू तशीच ठेवून समोरची टाचणी वर्तुळावरून सरकवली, तरी त्या टाचणीपाशी होणारा कोन बदलत नाही. एकाच कंसातले कोन सारखे असतात, हे तुमच्यापैकी मोठ्यांना ठाऊक असेल. टाचणी सरकवत अशा जागी आणा, की दुसरी एक बाजू व्यास होईल. मग काटकोन त्रिकोण मिळतो, त्याचा कर्ण १० सेंटिमीटर. म्हणजे आपली बाजू बरोबर १० गुणिले समोरच्या कोनाची साइन! कोन विशाल असेल तर टाचणी पलीकडच्या कंसावर न्यायची. तिथे कोन १८० वजा तेवढा होतो, पण साइन तीच राहते.

म्हणजे साइनची बेरीज दहापट केली, की दोऱ्याची लांबी मिळते. प्रश्न एवढाच उरला: सर्वांत लांब दोरा कोणत्या त्रिकोणाला लागतो?

आम्ही मोजलं. कोन १००, ५० आणि ३० अंश असताना दोरा साधारण साडेबावीस सेंटिमीटर भरला. समभुजाला जवळजवळ २६. "झालं की सिद्ध!" मी म्हटलं. भाचीने कोष्टक काढलं. ६२, ६० आणि ५८ अंशांच्या त्रिकोणाला २५.९७ सेंटिमीटर दोरा लागतो, समभुजाला २५.९८. फरक मिलिमीटरचा दहावा भाग! दोऱ्याच्या पिळातच तो हरवून जाईल. मोजून भागणार नव्हतं.

मग आम्ही दोन टाचण्या, अ आणि ब, पक्क्या ठोकल्या आणि फक्त क सरकवायची ठरवली. (कागदावर काढत काढत वाचा, म्हणजे सोपं जाईल.) क कुठे ठेवली, तर अक आणि कब मिळून जास्तीत जास्त होतील? अक ही रेघ क च्या पुढे वाढवा आणि कब एवढंच अंतर मोजून तिथे ड हा बिंदू घ्या. आता अक आणि कब यांची बेरीज म्हणजे सरळ रेघ अड. कबड हा त्रिकोण समद्विभुज आहे, म्हणून ड पाशी होणारा कोन क च्या कोनाच्या निम्मा. क चा कोन बदलत नाही, तेव्हा ड चाही बदलत नाही. म्हणजे क सरकली की ड सुद्धा एका दुसऱ्या वर्तुळावरून फिरतो. त्या वर्तुळाचं केंद्र कुठे? आपल्या कंसाच्या बरोबर मध्यावर, म. कारण म पासून अ आणि ब सारख्याच अंतरावर आहेत आणि म पाशी होणारा कोन ड च्या दुप्पट आहे.

अड ही त्या वर्तुळाची जीवा. जीवा केंद्राच्या जितकी जवळ, तितकी लांब. केंद्रातून गेली तर व्यास, सर्वांत लांब. म्हणून क टाचणी कंसाच्या मध्याकडे सरकवत नेली, की दोरा वाढतच जातो. मध्यावर पोचली, की अ आणि ब पाशी होणारे कोन सारखे होतात.

मी खूश झाले. "बघ, ज्या त्रिकोणात दोन कोन असमान आहेत, त्याचा दोरा वाढवता येतो. फक्त समभुजाचा वाढवता येत नाही. म्हणून समभुज सर्वांत मोठा. संपलं!"

भाची म्हणाली, "आत्या, १ सोडून कुठल्याही नैसर्गिक संख्येचा वर्ग केला, की ती वाढते. फक्त १ वाढत नाही. म्हणून १ ही सर्वांत मोठी संख्या?"

मी गप्पच झाले. चूक माझीच होती. बाकीचे वाढवता येतात, एवढ्यावरून उरलेला सर्वांत मोठा ठरत नाही. सर्वांत मोठा असा कुणी आहे, हे मी न सांगताच धरून चालले होते. संख्यांमध्ये तसा कुणीच नसतो.

मी म्हटलं, "बरं, मग वाढवत वाढवत समभुजापर्यंत पोचून दाखवू." १००, ५०, ३० मधले सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान कोन सारखे केले: ६५, ६५, ५०. पुन्हा केलं: ५७.५, ५७.५, ६५. पुन्हा: ६१.२५, ६१.२५, ५७.५. दोन कोनांतला फरक दर वेळी निम्मा होतो, पण शून्य कधीच होत नाही. ६०, ६०, ६० काही येईना. हेही पुरं करता येतं, पण त्याला कॉलेजातलं गणित लागतं.

रात्री भांडी आवरताना माझ्या मनात आलं, की टाचणी मध्यापर्यंत न्यायलाच हवी असं कुणी सांगितलं? दोरा तर वाटेतही वाढतच असतो. मग वाटेत थांबू या!

पुन्हा १००, ५०, ३० घ्या. ५० चा कोन तसाच ठेवा. १०० उतरत जाईल, ३० चढत जाईल. ३० चा बरोबर ६० झाला, की थांबा. कोन झाले ७०, ५०, ६०. दोरा साडेबावीसचा २५.७ झाला. आता ६० ला हात लावायचा नाही. त्याच्या समोरची बाजू पक्की ठेवा आणि ६० ची टाचणी कंसाच्या मध्यावर न्या. ७० आणि ५० सारखे झाले, म्हणजे ६०, ६०. दोरा २५.९८. दोन पायऱ्यांत समभुज!

हे दर वेळी जमतं का? जमतं. तिन्ही कोनांची बेरीज १८०, म्हणून त्रिकोण समभुज नसेल तर सर्वांत मोठा कोन ६० हून जास्त आणि सर्वांत लहान ६० हून कमी असणारच. दोघे एकमेकांकडे सरकू लागले, की भेटायच्या आत, किंवा भेटताना, त्यांतला एक ६० वर येतोच. म्हणजे कुठलाही त्रिकोण घ्या, फार तर दोन पायऱ्यांत तो समभुज होतो आणि प्रत्येक पायरीला दोरा वाढतो. मग त्याचा मूळचा दोरा समभुजापेक्षा लहान होता, हे उघडच आहे. इथे काहीही धरून चालावं लागलं नाही.

सकाळी भाचीला हे सांगितलं. तिने कागदावर दोनदा पडताळून पाहिलं आणि वहीत शेवटी लिहिलं: साइनची बेरीज जास्तीत जास्त दीड गुणिले ३ चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे २.५९८.

तुम्ही १२०, ४०, २० अंशांचा त्रिकोण घेऊन बघा. कोणता कोन आधी ६० वर पोचतो, ते टाचणी सरकवण्याआधीच सांगता येईल का?