मुंग्या शुगरच्याच असतात असं नाही

मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला मुंग्या आल्या की सगळे एका सुरात म्हणतात, "शुगरमुळे." आईलाही तेच ऐकावं लागलं. पण तिची तीन महिन्यांची सरासरी शुगर ६.८ होती, म्हणजे चांगलीच आटोक्यात. तरी चप्पल पायातून निसटलेली तिला कळायची नाही. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जायचा. दुपारपर्यंत अंगातलं त्राण संपायचं.

नव्या डॉक्टरांनी पायाच्या अंगठ्याला ट्यूनिंग फोर्क लावला. आईला कंप जाणवलाच नाही. मग त्यांनी विचारलं, "मेटफॉर्मिन किती वर्षं घेताय?"

अकरा वर्षं, रोज दोन ग्रॅम. हे औषध वर्षानुवर्षं घेतलं की काहींच्या आतड्यात बी१२ नीट शोषलं जात नाही. यकृतातला साठा बरीच वर्षं पुरतो, म्हणून तक्रार उशिरा सुरू होते आणि औषधावर कुणाला संशय येत नाही.

आईचं हिमोग्लोबिन नॉर्मल होतं. "रक्त चांगलंय की," काका म्हणाले. पण रक्त चांगलं असतानाही नसा बिघडू शकतात. बी१२ची तपासणी आली १६८. साधारण २००च्या खाली कमतरता धरतात. २०० ते ३००च्या मध्ये आकडा आला, तर मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिडची तपासणी उलगडा करू शकते. रक्त मात्र गोळी किंवा इंजेक्शन सुरू करण्याआधी द्यायचं, नाहीतर आकडा फसवतो. आणि नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेत राहिलं तर रक्त सुधारलेलं दिसतं, आत नसांचं नुकसान चालूच राहतं.

मग घरातला वाद: "सुई कशाला? गोळी दे ना." हिशेब असा आहे. जठरात तयार होणारं एक प्रथिन बी१२ला सोबत घेऊन शोषायला मदत करतं. अ‍ॅट्रॉफिक गॅस्ट्रायटिसमध्ये जठराचं अस्तर झिजतं आणि हे प्रथिनच कमी पडतं. तरी मोठ्या डोसचा साधारण एक टक्का त्याच्याशिवायही झिरपतो. म्हणजे १००० मायक्रोग्रॅममधून दहा. रोजची गरज दोन-अडीचची. म्हणून मोठी गोळी चालते, पण मल्टिव्हिटॅमिनमधल्या चिमूटभर बी१२ने अशा माणसाचं भागत नाही.

आईला तरीही आधी इंजेक्शनच मिळालं. "नसांना लागलंय, शोषणावर भरवसा ठेवून वाट बघायची नाही," डॉक्टर म्हणाले. दोन आठवडे एक दिवसाआड, मग महिनाभर आठवड्याला एक, आणि त्यानंतर रोज १०००ची गोळी. मेटफॉर्मिन बंद केलं नाही. अ‍ॅट्रॉफिक गॅस्ट्रायटिस निघाला असता, तर बी१२ जन्मभर घ्यावं लागलं असतं.

थकवा महिन्याभरात गेला. तोल सावरायला चार महिने लागले. बोटांच्या टोकांना मुंग्या अजून आहेत. जुन्या नसा हळू भरतात, काही पूर्ण भरतही नाहीत. आता दरवर्षी शुगरच्या तपासणीच्या चिठ्ठीवर आई स्वतः एक ओळ वाढवून घेते: बी१२.