लहान होणारं अक्षर

माझ्या टेबलाच्या खणात खडूच्या डबीशेजारी रबर बँडची एक पुडी असते. इंग्रजी उच्चारांच्या तासाला नवीन आलेल्या मुलांना तिचं नवल वाटतं. पहिले दोन आठवडे मी ती बाहेर काढत नाही. आधी त्यांचे उच्चार नुसते ऐकते.

गेल्या पावसाळ्यात लॉच्या तिसऱ्या वर्षाची एक मुलगी आली. मूट कोर्टच्या स्पर्धेत तिला इंग्रजीतून युक्तिवाद करायचा होता आणि परीक्षकांत परदेशातले लोक होते. उभी राहून तिने पहिलंच वाक्य म्हटलं, ‘आय ऑब्जेक्ट.’ मी म्हटलं, ‘हे तू “मी वस्तू” असं म्हणालीस.’ ती थबकली. मग तिने दुसऱ्या अक्षरावर आवाज चढवला, ‘आय ऑब्-जेक्ट!’ आवाज वाढला, शब्द मात्र तोच राहिला.

प्रेझेंट, रेकॉर्ड, ऑब्जेक्ट हे शब्द मराठीत इतके रुळलेत, की त्यांना दोन-दोन उच्चार आहेत हे कुणी सांगेपर्यंत लक्षातच येत नाही. भेटवस्तू किंवा हजर या अर्थी ‘प्रेझन्ट’, सादर करणं या अर्थी ‘प्रिझेन्ट’. नोंद, तबकडी किंवा विक्रम म्हणजे ‘रेकॉर्ड’, नोंदवणं किंवा ध्वनिमुद्रित करणं म्हणजे ‘रिकॉर्ड’. वस्तू ती ‘ऑब्जिक्ट’ आणि हरकत घेणं म्हणजे ‘अब्जेक्ट’. नाम असेल तर आघात पहिल्या अक्षरावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. लिहिताना स्पेलिंग तेच राहतं.

आपल्याला यातला एकच उच्चार का ठाऊक असतो, याचं कारण मला मराठीतच सापडलं. आपण इंग्रजीतून नाम उचलतो आणि क्रियापदाचं काम ‘करणे’वर सोपवतो. गाणं रेकॉर्ड करतो, प्रोजेक्ट प्रेझेंट करतो. वाक्यातली क्रिया ‘करणे’ने पेलली, की इंग्रजी क्रियापदाचा उच्चार मागायची वेळच येत नाही. त्यामुळे मूल इंग्रजी बोलू लागतं, तेव्हा त्याच्याजवळ नामाचाच साचा असतो आणि क्रियापदही ते त्याच साच्यातून काढतं. हा आळस नव्हे. आपल्या भाषेने नीट लावून दिलेली सवय आहे ती, आणि म्हणूनच ‘चुकलं’ एवढं म्हटल्याने ती सुटत नाही.

बरीच वर्षं मीही ‘जोर द्या’ असंच शिकवत होते. मुलं जोर देत, म्हणजे ओरडत. वर्गात गलका व्हायचा आणि उच्चार सुधारायचा नाही. पुढे डेनिस फ्राय या इंग्रज ध्वनिशास्त्रज्ञाच्या 1955च्या प्रयोगाबद्दल वाचलं, तेव्हा माझी चूक कळली. ऑब्जेक्ट, परमिट, कॉन्ट्रॅक्ट अशा जोड्यांचे उच्चार यंत्रावर तयार करून, त्यातल्या स्वरांची लांबी आणि आवाजाचा मोठेपणा कमीजास्त करत, त्याने लोकांना विचारलं होतं: हे नाम ऐकू येतंय की क्रियापद? ऐकणाऱ्यांचा निर्णय आवाजाच्या मोठेपणापेक्षा स्वराच्या लांबीवर जास्त अवलंबून होता. पुढच्या प्रयोगात सुराच्या चढउताराचं वजनही ठळकपणे दिसलं. ज्या गोष्टीवर मी मुलांना घसा फोडायला लावत होते, तीच तुलनेने कमी कामाची होती.

स्वर लांबवण्याइतकंच दुसरं काम महत्त्वाचं, आणि आपल्याला जड जातं ते हेच. शेजारचं अक्षर लहान करायचं असतं. आघात गेला, की इंग्रजीत त्या अक्षराच्या स्वराचा बहुधा रंगच उतरतो. ‘ऑ’चा ‘अ’ होतो, ‘प्रे’चा ‘प्रि’ होतो, ‘झेन्ट’चा ‘झन्ट’ होतो. सगळीकडे सारखं घडत नाही. ब्रिटिश उच्चारात रेकॉर्ड या नामातला ‘कॉ’ बराचसा टिकून राहतो, अमेरिकन मात्र ‘रेकर्ड’ म्हणतो. पण क्रियापद करताना ‘रे’ला ‘रि’ व्हावंच लागतं.

हे समजावताना मी मराठीकडेच जाते. ‘उंदीर’ म्हणताना ‘दी’ चांगला लांब असतो. ‘उंदराला’ म्हटलं की तो ‘दी’ कुठे गेला? ‘मूल’मधला लांब ‘मू’ ‘मुलाला’ म्हणताना आखूड होतो. यामागचं कारण इंग्रजीतल्यासारखं नाही, हेही मी सांगते. पण शब्दाचं रूप बदललं की आतला स्वर लहान होतो किंवा गळून पडतो, हे मराठी जिभेला परकं नाही. एवढी ओळख पटली, की मुलांची भीती निम्मी होते.

तर ती मुलगी. तिसऱ्या दिवशी रबर बँड दोन्ही अंगठ्यांत अडकवून तिला सांगितलं, आघाताच्या अक्षराला ताण, दुसऱ्याला सैल सोड. ‘ऑऽब्जिक्ट’ला तिने बरोबर ताणलं. ‘अब्जेऽक्ट’च्या वेळी मात्र बँड ‘ऑ’लाही ताणला गेला, मग ‘जे’ला आणखी. दोन ताण दिसले, म्हणजे अडचण कुठे आहे ते कळलं. पहिलं अक्षर सुटत नव्हतं. मग तिला हनुवटीखाली पालथा हात धरायला लावला. ‘ऑ’ला जबडा खाली येतो आणि हाताला कळतो. ‘अब्’ नीट म्हटला तर हात जवळजवळ हलत नाही, ‘जे’ला हलतो. त्यानंतर पहिलं अक्षर सोडून नुसतं ‘जेक्ट, जेक्ट’ म्हणायला लावलं, आणि त्याच्याआधी तोंड फारसं न उघडता एक छोटासा ‘अब्’ चिकटवायला सांगितला. पंधरा-वीस वेळा झाल्यावर तो बसला.

नियम हाती आला, की मुलं तो सगळीकडे लावत सुटतात, म्हणून त्याची हद्दही तेव्हाच दाखवावी लागते. रिपोर्ट, सपोर्ट, कंट्रोल हे शब्द नाम असोत की क्रियापद, आघात दुसऱ्यावरच. व्हिजिट, आन्सर, प्रॉमिस यांत तो कायम पहिल्यावर. जोड्यांचं हे कुटुंब हळूहळू वाढत आलं आहे. 1570च्या एका इंग्रजी कोशात असा फेरफार दाखवणारे तीनच शब्द सापडतात आणि रेकॉर्ड त्यांतला एक. आजही काही शब्द उंबरठ्यावर आहेत. पत्ता या अर्थी ॲड्रेस शब्दाचा आघात बरेच अमेरिकन लोक पहिल्यावर देतात, ब्रिटिश दुसऱ्यावर ठेवतात. त्यामुळे नवा शब्द भेटला की मी कोश उघडायला लावते. त्यात आघाताची बारीक उभी खूण सहसा अक्षराच्या आधी असते, नंतर नाही. ती उलटी वाचून चुकीचा उच्चार पक्का केलेली मुलं मी पाहिली आहेत.

आपल्या कोर्टात ‘आय ऑब्जेक्ट’ म्हटलं तर कुणाचं काही अडत नाही, हे मी तिला प्रामाणिकपणे सांगितलं. ऐकणाऱ्याचा कानही आपल्यासारखाच असतो. पण आघातावरून शब्द ओळखायची सवय असलेला कान क्षणभर वस्तू शोधायला जातो, आणि तेवढ्यात तिचं पुढचं वाक्य निसटतं. तिला ते पटलं.

शेवटच्या तासाला तिने स्वतःच एक वाक्य बनवून आणलं होतं: ती वस्तू नोंदवायला माझी हरकत आहे. इंग्रजीत त्यात ‘अब्जेक्ट’ही येतो, ‘रिकॉर्डिंग’ही येतो आणि ‘ऑब्जिक्ट’ही. हात हनुवटीखाली धरून तिने ते म्हटलं. पहिला ‘अब्’ मला ऐकूसुद्धा आला नाही, इतका लहान झाला होता. ‘रिकॉर्डिंग’च्या वेळी मात्र ‘रे’ परत आला. तिनेच ओळखलं, थांबली आणि खणातून रबर बँड मागितला.