चिठ्ठी सापडली, आता पुढे काय?

परीक्षेचा सीझन आला की पत्रकाराला दोन प्रकारचे फोन येतात. एक, 'अमुक केंद्रावर कॉपी चालू आहे, बातमी लावा.' दुसरा, 'आमच्या मुलाला पकडलंय, कुणाची ओळख आहे का?' आज दुसऱ्या फोनबद्दल लिहितोय.

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. शेजारचा मुलगा टीवायबीकॉमला, पाचवं सेमिस्टर. सहापैकी चौथ्या पेपरला कंपासपेटीत चिठ्ठी सापडली. रात्री बापलेक माझ्या ओटीवर. वडील म्हणाले, "भाऊ, विद्यापीठात कोणीतरी असेलच तुमच्या ओळखीचं." पोरगा खाली मान घालून बसलेला.

मी त्याला एवढंच विचारलं, "सही कशावर केलीस?"

"माहीत नाही काका. सर म्हणाले इथे कर, केली."

इथेच निम्म्या केसेस बिघडतात. म्हणून जरा नीट सांगतो.

मुंबई विद्यापीठाचा गैरप्रकारांबद्दलचा अध्यादेश आहे, क्रमांक ५०५०. त्यात चिठ्ठी 'जवळ असणं' आणि चिठ्ठीतून 'प्रत्यक्ष लिहिणं' हे दोन वेगळे गुन्हे आहेत. नुसती सापडली, तर त्या परीक्षेतली सगळी कामगिरी रद्द. सगळी म्हणजे आधी दिलेले तीन पेपरही गेले. त्यातून उतरवलं असेल, तर हे रद्द होतंच, शिवाय पुढच्या एका परीक्षेला बसता येत नाही. सामूहिक कॉपी किंवा उत्तरपत्रिका बाहेर नेणं असेल तर दोन परीक्षा. दुसऱ्याच्या जागी बसला तर पाच. हातावर, कपड्यावर लिहिलेलं सापडलं तरी कामगिरी रद्द. उत्तरपत्रिकेत स्वतःचं नाव किंवा ओळख पटेल असं काही लिहिणं हासुद्धा गैरप्रकारच, हे तर अनेकांच्या गावीही नसतं.

आता पकडल्यावर काय होतं? पर्यवेक्षक चिठ्ठी आणि उत्तरपत्रिका ताब्यात घेतो, वरिष्ठ पर्यवेक्षकाला कळवतो. मुलाचा लेखी जबाब घेतला जातो. जबाब द्यायचा नसेल तर जबरदस्ती करता येत नाही, नकार दिल्याची नोंद साक्षीदारांच्या सह्यांनी होते. मग नवी उत्तरपत्रिका देऊन उरलेला पेपर लिहू देतात, पुढचे पेपरही देता येतात. निकाल मात्र राखून ठेवतात. बरीच पोरं घाबरून तिथूनच घरी जातात आणि उरलेले पेपर स्वतःच्या हातानं घालवतात.

आमच्या पोरानं तेच केलं असतं. पाचवा आणि सहावा पेपर द्यायला मी त्याला पाठवला.

अहवाल, चिठ्ठी, जबाब सीलबंद होऊन परीक्षा विभागाकडे जातं. महाविद्यालयानं घेतलेली परीक्षा असेल तर निर्णय प्राचार्यांच्या पातळीवर होतो. विद्यापीठाची असेल तर २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे परीक्षा व मूल्यमापन मंडळ चौकशी समिती नेमतं. समितीत जास्तीत जास्त पाच जण. आधी कारणे दाखवा नोटीस, मग सुनावणी, मग शिक्षा.

नोटीस आली तेव्हा कळलं, त्यानं ज्यावर सही केली तो जबाब दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात होता. मजकूर होता, 'मी चिठ्ठीतून उत्तर लिहीत होतो.' मी विचारलं, "चिठ्ठीतला प्रश्न पेपरात होता?" म्हणाला, "नव्हता काका. म्हणून तर काढलीच नाही."

मग खुलासा त्याच्याच भाषेत लिहून घेतला. चिठ्ठी माझीच, आणली ही चूक. पण त्यातलं एकही वाक्य उत्तरपत्रिकेत नाही, दोन्ही कागद समोर ठेवून पडताळावं. जबाब मी लिहिला नाही, न वाचता सही केली. बस्स, एका पानात.

वडिलांचं ओळखीचं टुमणं चालूच होतं. त्यांना सांगितलं, परीक्षेशी संबंधित माणसावर वजन टाकणं हाही त्याच यादीतला गैरप्रकार आहे. चिठ्ठीच्या केसमध्ये तो कशाला जोडून घेता? ते गप्प झाले. माझ्यावर रागावलेही होते.

सुनावणीला मी बाहेर बाकावर बसलो. आत तो दहा मिनिटं होता. समितीनं चिठ्ठी आणि उत्तरं शेजारी ठेवून पाहिली. निर्णय आला, चिठ्ठी जवळ बाळगली एवढंच सिद्ध. सहाही पेपर रद्द, पण पुढच्या परीक्षेची बंदी नाही. पुढच्या वेळी तो सहा पेपरांना बसला आणि सुटला.

तो निर्दोष नव्हता. चिठ्ठी नेली, सहा पेपर गेले, बरोबर झालं. पण न वाचता केलेल्या एका सहीमुळे न केलेल्या गुन्ह्याची आणखी एक परीक्षा जाणार होती.

घरात कुणी परीक्षेला बसणार असेल तर एवढं सांगून ठेवा. चिठ्ठी नेऊ नकोस. पकडला गेलास तर पळू नकोस, उरलेले पेपर दे. आणि जबाब स्वतःच्या हातानं लिही, खरं तेवढंच.