दोन गुण वर, तरी बाहेर

आम्ही इंदूरचे, चार पिढ्यांचे. लेकीने कॅनडाचं मनावर घेतलं तेव्हा मला वाटलं, फॉर्म भरायचा आणि वाट पाहायची. तसं नसतं.

तिथे 'एक्सप्रेस एंट्री'च्या यादीत आधी नुसती इच्छा नोंदवायची. त्यावर गुण मिळतात. मग सरकार मधूनमधून फेरी काढून वरच्या काही हजारांना बोलावतं, खरा अर्ज त्यानंतर. लेकीचे गुण 493. वयाचे 110, एम.टेक.चे 135, इंग्रजीचे 133, शिक्षण-अनुभवाला चांगल्या इंग्रजीची जोड म्हणून 100, आणि थोरला भाऊ टोरांटोत कायमचा रहिवासी म्हणून 15.

23 नोव्हेंबर 2022 ला कटऑफ 491 होता. डिसेंबरात तिने नाव घातलं. आमची ही म्हणाली, "दोन गुण वर आहेत, झालंच समजा." पण डिसेंबरभर फेरीच निघाली नाही. 11 जानेवारीला निघाली, 5,500 जणांना बोलावलं, आणि कटऑफ 507! इकडे 22 जानेवारीला लेक तिशीत जाणार. वयाचे पाच गुण गेले की उरतात 488. घरात त्या रात्री कोणी नीट जेवलं नाही.

मी मुलाला फोन लावला. "काय रे, एकदम कडक केलं का त्यांनी?"

"बाबा, हा कटऑफ आधी कोणी ठरवत नाही. शेवटी बोलावलेल्या माणसाचे गुण, तोच कटऑफ. पंगतीचंच बघा ना. पानं ठरलेली, आणि मान मोठा त्याला आधी बसवायचं. सात आठवडे पंगतच बसली नाही, तेवढ्यात मोठे मोठे पाहुणे येऊन थांबले. पानं त्यांच्यातच संपली."

"मग आता?"

"आता ते जेवून उठले. पुढची पंगत लवकर बसली तर आपला नंबर लागेल. उशीर झाला तर नवे पाहुणे जमतील."

पुढची फेरी आठवड्यातच, 18 जानेवारीला निघाली. पानं तेवढीच, 5,500. कटऑफ 490. आमंत्रण आलं! त्यानंतर वाढदिवस आला तरी वयाचे गुण कापत नाहीत, म्हणून 22 तारखेला श्रीखंड निवांत खाल्लं.

आता ओळखीतले विचारतात, "काका, कितीला लागतं?" मी उलट विचारतो, मागची फेरी होऊन किती दिवस झाले, किती जणांना बोलावलं, आणि फेरी कोणाची होती? कारण प्रांताने निवडलेल्यांना 600 गुण जादा मिळतात. फक्त त्यांच्या फेरीचा आकडा 700 च्या वर दिसला म्हणून घाबरायचं नाही, ती पंगत वेगळी. आणि गुण सारखेच असले तर ज्याने आधी नाव घातलं तो आधी, म्हणून तयारी झाली की नाव घालून ठेवावं.