पहिल्या आलेल्या मुलीचे आभार

दीक्षान्त भाषण म्हणजे गुरूने शिष्यास निरोप देताना सांगावयाचे चार शब्द. तैत्तिरीय उपनिषदातील शिक्षावल्लीत आचार्य असाच उपदेश करतात. शिष्याने त्यावर काय उत्तर दिले, ते तेथे आढळत नाही. आपल्याकडे बहुधा तीच रीत चालते. पहिल्या आलेल्यास व्यासपीठावर बोलावितात ते पदक देण्यासाठी, बोलू देण्यासाठी नव्हे. तिकडे हार्वर्डात मात्र एक विद्यार्थी अजून लॅटिनमध्ये भाषण करतो! तेव्हा बोरगावच्या आमच्या भाचीस कॉलेजच्या समारंभात तीन मिनिटे मिळाली, त्या वेळी तिच्यापुढे नमुना असा नव्हता. मसुदा आमच्याकडे आला.

त्यात प्राध्यापक ‘ज्ञानसागर’ होते. आम्ही विचारले, “अगं, सरांनी केले काय?” ती म्हणाली, “आम्लात अल्कली सोडताना रंग फिका गुलाबी येताच थांबायचे असते. माझा गर्द व्हायचा. सर म्हणायचे, बाई, हे सरबत झाले, पुन्हा करा.” ज्ञानसागर गेला, सरबत राहिले.

प्रयोगशाळेतील काकांचे मसुद्यात नावही नव्हते. ‘शिक्षकेतर कर्मचारी’ या दोन शब्दांत ते उरकले होते. वास्तविक ब्युरेट तेलकट राहिली, तर थेंब काचेला चिकटून बसतात आणि वाचन चुकते. हिची तिन्ही वाचने जुळत, त्यास कारण हिच्या हातांइतकेच काकांचे धुणे होते. हे कळल्यावर तिने एक विनोद घातला : काका ‘पिपेट’ला ‘पिपाणी’ म्हणतात. सभागृह हसले असते, यात शंका नाही. पण काका त्या वेळी दाराशी उभे असणार. आम्ही तो खोडला. त्याऐवजी तिने स्वतः फोडलेल्या चार पिपेटी घातल्या, ज्या काकांनी वहीत बिनबोभाट टिपल्या होत्या.

वर्गसोबत्यांविषयी ‘आपण सारेच पहिले’ असे वाक्य होते. दोन गुणांनी दुसऱ्या आलेल्या मैत्रिणीस ते ऐकवणे आम्हांस बरे वाटेना. शेवटी ठरले ते असे : “तिच्या वह्यांवर मी अभ्यास केला. वह्या परत केल्या आहेत. दोन गुण राहिले आहेत.”

प्रश्न उरला भाषेचा. 1956 मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेले, सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिले. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी आणि सभेत हिंदी हा परिपाठ मात्र कायम आहे. भाषण हिंदीत झाले. प्राध्यापक सरबतावर सर्वांआधी हसले, मैत्रिणीने दोन बोटे उंचावून दाखविली. मग ती दाराकडे वळून मराठीत म्हणाली, “काका, ब्युरेट नेहमी स्वच्छ असायची.”

काकांनी मान हलविली, आणि चहाच्या कपांचा ट्रे घेऊन ते पाहुण्यांच्या खोलीकडे गेले.